केशनळी, खोबरेल आणि सेकंद : प्रस्तावना

केशनळीचा व्हिस्कोमीटर हे प्रयोगशाळेतलं बहुधा सर्वांत साधं दिसणारं उपकरण. इंग्रजी यू अक्षरासारखी वळवलेली काचेची नळी, तिच्या एका बाजूला वर छोटा फुगा, दुसऱ्या बाजूला खाली मोठा फुगा आणि वरच्या फुग्याखाली काही सेंटिमीटर लांबीची बारीक केशनळी. वरच्या फुग्याच्या वर एक खूण, खाली एक खूण. रबरी नळीने द्रव वरच्या खुणेपलीकडे ओढून घ्यायचा आणि सोडून द्यायचा. द्रवाचा पृष्ठभाग पहिल्या खुणेवर आला की स्टॉपवॉच सुरू, दुसऱ्या खुणेवर आला की बंद. ना वीज लागते, ना कुठला फिरता भाग असतो. मोजायचा तो फक्त वेळ, आणि त्या वेळेवरून द्रवाची श्यानता, म्हणजे त्याचा वाहण्याला होणारा अंतर्गत विरोध, सांगायची.

कोकणातल्या महाविद्यालयांत हा प्रयोग दर वर्षी होतो. मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी, कणकवली, कुठेही जा, रसायनशास्त्राच्या कपाटात ओस्टवाल्डची नळी सापडतेच. प्रयोग पुस्तकाबरहुकूम होतो, सूत्रात आकडे बसतात, वहीवर सही होते. त्याच नळीत आपल्या घाण्यावरचं खोबरेल भरलं, की मात्र तेच सूत्र वीस टक्क्यांनी चुकलेलं उत्तर देतं, आणि ते चुकल्याचं कुणाला कळतही नाही. हे पुस्तक त्या वीस टक्क्यांपासून सुरू होतं. त्यासाठी आधी या नळीमागचा विचार थोडा उलगडायला हवा.

बारीक नळीतून द्रव किती वेगाने वाहतो याचा नियम दोघांनी साधारण एकाच सुमारास, स्वतंत्रपणे शोधला. जर्मनीतले गोटहिल्फ हागेन हे जलस्थापत्याचे अभियंते होते. त्यांनी पितळी नळ्यांवर केलेले प्रयोग १८३९ साली प्रसिद्ध केले. पॅरिसचे झाँ पोआझय हे वैद्यकशास्त्राचे पदवीधर. त्यांना सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून रक्त कसं वाहतं हे जाणून घ्यायचं होतं. रक्त हाताळायला अवघड, म्हणून त्यांनी काचेच्या अतिशय बारीक नळ्या आणि पाणी घेतलं. दोन खुणांमधला फुगा रिकामा व्हायला किती वेळ लागतो हे मोजण्याची रीत त्यांच्याकडेही होती. फरक इतकाच, की द्रव ढकलायला ते दाबाखालची हवा वापरत. त्यांना आढळलं, की प्रवाह दाबाच्या प्रमाणात वाढतो, लांबीच्या प्रमाणात घटतो आणि नळीच्या व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो. ‘श्यानता’ ही संकल्पना त्यांच्या सूत्रात नव्हती. तापमानानुसार बदलणारा एक गुणक होता. त्या गुणकाचा अर्थ न्यूटनच्या कल्पनेशी जोडून नियमाची सैद्धांतिक मांडणी पुढे १८६० च्या आसपास झाली.

हा चौथा घात नीट लक्षात घ्यायला हवा, कारण या उपकरणाचा सगळा इतिहास त्याच्याभोवती फिरतो. नळीची त्रिज्या अर्धा मिलिमीटर आहे असं धरा आणि ती मोजताना मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची चूक झाली असं समजा. ही चूक दोन टक्क्यांची, पण उत्तरातली चूक आठ टक्क्यांची. काचेची नळी ओढताना तिची आतली पोकळी सगळीकडे सारखी राहत नाही हेही आलंच. म्हणजे त्रिज्या मोजून श्यानता काढायची वाट व्यवहारात बंदच. विल्हेल्म ओस्टवाल्ड आणि त्यांच्या पिढीतल्या भौतिक रसायनशास्त्रज्ञांनी त्यावर तोड काढली ती अशी : त्रिज्या मोजूच नका. माहीत असलेला द्रव आधी त्याच नळीतून सोडा, मग आपला द्रव सोडा आणि दोन वेळांची तुलना करा. त्रिज्या, लांबी, फुग्याचं आकारमान, द्रवाच्या दोन पातळ्यांमधली उंची, सगळं एकाच आकड्यात मिटून जातं. त्याला नळीचा स्थिरांक म्हणतात. मग सूत्र उरतं एवढंच :

ν = C × t

यात t म्हणजे सेकंद, C म्हणजे नळीचा स्थिरांक आणि ν म्हणजे गतिक श्यानता, जी सेंटिस्टोकमध्ये सांगतात. इथे घनता कुठे गेली, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात आणि तो योग्य आहे. द्रवाला खाली ओढतं ते त्याचं स्वतःचंच वजन. जड द्रव स्वतःला जास्त जोराने ओढतो, म्हणून वेळेवरून मिळते ती श्यानता भागिले घनता. खरी श्यानता हवी असेल तर घनता वेगळी मोजून शेवटी गुणायची. ओस्टवाल्डच्या नेहमीच्या सूत्रात घनता दिसते ती याचमुळे.

आता खोबरेलाकडे येऊ. उदाहरणासाठी एक नळी घेऊ. केशनळीची त्रिज्या ०.५ मिमी, लांबी ८ सेंमी, फुग्यात दोन खुणांमध्ये मावणारा द्रव ३ मिली आणि दोन्ही पातळ्यांमधली सरासरी उंची ९ सेंमी. पोआझयच्या नियमात हे आकडे घातले तर स्थिरांक सुमारे ०.०९ येतो. ४० अंश सेल्सिअसला खोबरेलाची गतिक श्यानता २७.५ सेंटिस्टोकच्या आसपास असते. म्हणजे तेल खाली यायला सुमारे ३०५ सेकंद, पाच मिनिटांपेक्षा थोडा जास्त वेळ लागेल. तेल केशनळीत सेकंदाला जेमतेम सव्वा सेंटिमीटर सरकतं. अशा संथ, थरांथरांच्या प्रवाहासाठीच हा नियम आहे.

पण स्थिरांक आपल्याला माहीत नाही असं समजू आणि प्रात्यक्षिकाच्या वहीत सांगतात तसा तो पाण्यावरून काढू. ४० अंशांना पाण्याची गतिक श्यानता ०.६५८ सेंटिस्टोक. नियमाप्रमाणे पाण्याला सव्वासात सेकंद लागायला हवेत. प्रत्यक्षात लागतात नऊच्या पुढे. कारण पाणी या रुंद नळीतून सेकंदाला चाळीस-पन्नास सेंटिमीटरच्या वेगाने धावतं आणि तो वेग मिळवण्यासाठीच नऊ सेंटिमीटर उंचीच्या दाबातला चांगला मोठा वाटा खर्च होतो. घर्षणावर मात करायला उरतो तो दाब कमी, म्हणून वेळ जास्त. पोआझयचं साधं सूत्र हा खर्च धरत नाही. नऊ सेकंदांवरून काढलेला स्थिरांक ०.०९ ऐवजी ०.०७ च्या घरात येतो. त्याने ३०५ सेकंदांना गुणलं की खोबरेलाची श्यानता २२ च्या खाली दिसते. खरी २७.५, म्हणजे वीस टक्के कमी. वर स्टॉपवॉच दाबताना हाताची ०.२ सेकंदाची चूक झाली तर नऊ सेकंदांत ती दोन टक्के होते, तीनशे सेकंदांत ती कुणाच्या खिजगणतीतही नसते.

म्हणूनच चांगल्या प्रयोगशाळा द्रवाला किमान २०० सेकंद लागतील अशी नळी निवडतात. पाण्यासाठी खूप बारीक नळी, तेलासाठी रुंद. मग तेलाच्या रुंद नळीचा स्थिरांक काढायचा कसा? पायऱ्या-पायऱ्यांनी. बारीक नळी पाण्यावर पारखायची, तिच्यात थोडा घट्ट द्रव मोजायचा, तोच द्रव घेऊन थोडी रुंद नळी पारखायची, तिच्यात आणखी घट्ट तेल मोजायचं आणि असं वर चढत जायचं. बाजारात प्रमाणित श्यानतेची तेलं मिळतात, त्यांच्या मुळाशीही हीच शिडी असते आणि शिडीच्या तळाशी पाणी. अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये १९५२ साली २० अंशांच्या पाण्याची श्यानता १.००२ सेंटिपॉइज अशी ठरली. तो आकडाही केशनळीनेच मोजला होता. आज तो १.००१६ असा घेतात. मोटारीच्या इंजिनऑइलच्या डब्यावरच्या आकड्यापासून औषधी पॅराफिनपर्यंत बहुतेक मोजमापं मागे मागे नेली, की शेवटी या पाण्यापाशी येतात.

स्थिरांक एकदा मिळाला की काम संपलं असं वाटतं, पण खरं काम तिथूनच सुरू होतं. स्थिरांक स्थिर राहतो तो काही अटींवर. या अटी कुणी कशा सांभाळल्या, यावरून नळ्यांची वेगवेगळी घराणी झाली. ओस्टवाल्डच्या नळीत खालच्या फुग्यात नेमका तेवढाच द्रव घालावा लागतो. एक मिलिलिटर जास्त पडला तर खालची पातळी दीडएक मिलिमीटर वर येते, उंची तेवढी घटते आणि उत्तर दीड-दोन टक्क्यांनी सरकतं. लिओ उबेलोड यांनी १९३० च्या दशकात तिसरी नळी जोडून ही अट काढून टाकली. त्यांच्या नळीत केशनळीचं खालचं तोंड हवेत उघडतं आणि द्रव तिथून काचेच्या घुमटाच्या आतल्या बाजूने पातळ पडद्यासारखा ओघळतो. खाली किती द्रव साठला आहे याचा उंचीशी संबंधच राहत नाही. म्हणून नळीतल्या नळीतच द्रावण पातळ करत करत मोजता येतं, आणि बहुवारिकांवर, म्हणजे पॉलिमरवर काम करणाऱ्यांनी ही नळी उचलून धरली. ओस्टवाल्डच्या नळीची दुसरी अडचण उभेपणाची. तिचे दोन हात बाजूबाजूला, सुमारे तीन सेंटिमीटर अंतरावर असतात. नळी एक अंशाने कलली तरी एक फुगा वर आणि दुसरा खाली जातो आणि उंची अर्ध्या टक्क्याहून जास्त बदलते. पेनसिल्व्हेनियातल्या कॅनन आणि फेन्स्के यांनी १९३८ साली दोन्ही फुगे एकाच उभ्या रेषेत येतील अशी नळी वाकवली. तिच्यात तेवढाच कल जवळजवळ निरुपद्रवी ठरतो. एखादी नळी हातात घेतली की तिच्या वाकड्यातिकड्या आकारात कुठली चूक टाळली आहे हे ओळखता आलं पाहिजे. या पुस्तकात जागोजागी त्याचा सराव दिला आहे.

या घराण्यांच्या शेजारी एक वेगळीच परंपरा नांदते, ती कपांची. अभियांत्रिकी महाविद्यालयांतला रेडवुडचा व्हिस्कोमीटर आणि रंगाच्या कारखान्यातला फोर्ड कप यांच्यातही ठरलेला द्रव गुरुत्वाकर्षणाने खाली येतो आणि वेळच मोजतात. रेडवुडमध्ये ५० मिली तेल अकीकाच्या छिद्रातून पडतं. पण ते छिद्र जेमतेम एक सेंटिमीटर लांब असतं. इतक्या आखूड नळीत पोआझयचा नियम पुरता प्रस्थापित होत नाही, म्हणून तिथे वेळ आणि श्यानता यांचं नातं सरळ गुणाकाराचं नसतं, सूत्रात एक वजाबाकीचं पद येतं. रंगाचा डबा पुरेसा पातळ झाला का हे पाहायला कप उत्तम. पण कपाच्या सेकंदांवरून श्यानतेचा दावा करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता तापमान. इथे कोकणाची स्वतःची अडचण आहे आणि बाहेर लिहिलेल्या पुस्तकांत तिचा उल्लेख सापडत नाही. पाठ्यपुस्तकांतली मोजमापं बहुधा २५ अंशांची असतात. सिंधुदुर्ग किनाऱ्यावर वर्षातले बहुतेक महिने खोलीचं तापमानच २५ च्या वर असतं. आपल्या महाविद्यालयांतल्या वॉटर बाथला हीटर असतो, थंड करायची सोय नसते. हीटर बाथला खोलीपेक्षा वर नेऊ शकतो, खाली नाही. त्यामुळे थर्मोस्टॅट २५ वर लावला तरी पाणी २९ वर निवांत बसलेलं असतं आणि मोजमाप २५ चं म्हणून नोंदलं जातं. खोबरेलाला तर २५ अंश आणखी वाईट. ते २४-२५ च्या आसपास गोठू लागतं. जानेवारीच्या पहाटे बाटलीत पांढरे कण दिसतात ना, ते नळीत गेले की केशनळी अडते आणि जे मोजलं जातं ते तेल नसतं, तेल आणि चरबीच्या स्फटिकांचं मिश्रण असतं. म्हणून या पुस्तकातली तेलांची सगळी मोजमापं ४० अंशांना केली आहेत. ते खोलीच्या बरंच वर आहे, हीटर तिथे सहज टिकतो, तेल पूर्ण वितळलेलं असतं आणि तेलउद्योगाचे आकडेही याच तापमानाचे असल्यामुळे तुलना होते.

तापमान धरायचं म्हणजे किती धरायचं? खोबरेलाची श्यानता ४० च्या आसपास दर अंशाला सुमारे चार टक्क्यांनी बदलते. अंशाचा दहावा भाग चुकला तर ०.४ टक्के. उत्तम प्रयोगशाळा बाथ ०.०२ अंशांच्या आत ठेवतात, कारण तेव्हाच तापमानाची चूक ०.१ टक्क्याखाली राहते. आपल्याकडच्या ढवळणी नसलेल्या बाथमध्ये वरचं आणि तळाचं पाणीच अर्ध्या अंशाने वेगळं असू शकतं. मोठं काचेचं भांडं, एक छोटी ढवळणी आणि दशांश अंशांच्या खुणा असलेला थर्मामीटर नळीच्या शेजारीच लावला, तर फार खर्च न करता परिस्थिती पुष्कळ सुधारते. नळी भरल्यावर किमान अर्धा तास ती बाथमध्ये उभी ठेवावी. काच आणि तेल दोघंही उष्णता सावकाश घेतात.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट घडते आणि ती कुणाच्या लक्षात येत नाही. नळी धुताना आधी हेक्सेनसारख्या द्रावकाने तेल काढायचं आणि शेवटी ॲसिटोनने खळबळून वाळवायची, अशी रीत आहे. जुलैत मालवणची हवा ओली असते. ॲसिटोन झपाट्याने उडतं, उडताना काच थंड करतं आणि त्या थंड काचेवर आतून हवेतलं पाणी जमतं. नळी डोळ्यांना कोरडी दिसते, पण केशनळीच्या भिंतीला पाण्याचे सूक्ष्म थेंब चिकटलेले असतात. त्यावर तेल आलं की एखादा थेंब अडथळा बनून बसतो. यावर उपाय सोपा आहे. ॲसिटोननंतर नळीत हवा फुंकू नका, तर सिलिका जेलमधून आलेली कोरडी हवा ओढून घ्या किंवा नळी थोडी उबदार ठेवून वाळवा. तोंडाने हवा फुंकणं तर कटाक्षाने टाळा.

चूक झाली आहे हे नळी स्वतः सांगते, फक्त एकच वाचन घेऊन थांबू नये. तेच तेल, तीच नळी, ओळीने चार वाचनं घ्या आणि आकडे एकाखाली एक लिहा. प्रत्येक वेळ आधीच्यापेक्षा कमी होत गेली, ३११, ३०८, ३०६, ३०५, तर तेल अजून तापतंय, थांबा. वेळ वाढत गेली तर खोबऱ्याचा एखादा तंतू केशनळीच्या तोंडाशी अडकला असण्याची शक्यता जास्त. तेल बारीक जाळीतून गाळून घ्या. आकडे कुठल्याही क्रमाशिवाय मागेपुढे होत असतील तर दोष बहुधा घड्याळ दाबणाऱ्या हाताचा किंवा खुणेकडे तिरकं पाहण्याचा. आणि चारही आकडे सुरेख जुळले, तरी ते बरोबर आहेत असं सिद्ध होत नाही. बाथ चार वेळा सारखाच चुकलेला असू शकतो. म्हणून शेवटी तेच तेल वेगळ्या व्यासाच्या, पारखलेल्या नळीतून सोडायचं. दोन नळ्यांनी एकच श्यानता सांगितली तर स्थिरांक आणि मोजमाप दोन्हींवर विश्वास ठेवायला हरकत नाही.

दोन नळ्यांची ही परीक्षा आणखी एक गोष्ट उघड करते. काही द्रव जितक्या जोराने वाहवावेत तितके पातळ होतात. नारळाचं दूध असंच. त्यामुळे सोलकढी या नळीत घालून आकडा काढण्यात अर्थ नाही. ती तेल आणि पाण्याचं दुधाळ मिश्रण आहे, थोड्या वेळाने तिचे थर होतात, आणि दोन नळ्या तिच्याबद्दल दोन वेगळी उत्तरं देतील. या उपकरणाची हद्द इथे संपते आणि तिथून फिरत्या तबकडीच्या रिओमीटरचं राज्य सुरू होतं.

नळीने भेसळ पकडता येते का, हा प्रश्न घाणेवाले हमखास विचारतात. खोबरेलात पामोलीन मिसळलं तर श्यानता वाढते, कारण ४० अंशांना पामोलीन चाळीस सेंटिस्टोकच्या आसपास असतं. दहा टक्के पामोलीन मिसळलं तर मिश्रणाची श्यानता, अंदाजे, चार टक्क्यांनी वाढेल. चांगल्या नळीला हा फरक सहज दिसतो. पण बाथ एक अंशाने जास्त तापला असेल तर श्यानता तितकीच खाली येते आणि भेसळ पूर्ण झाकली जाते. शिवाय जवळपास त्याच श्यानतेचं खनिज तेल मिसळलं तर नळी काहीच बोलणार नाही. तेव्हा उत्तर असं, की श्यानता बदललेली दिसली तर काहीतरी गडबड आहे हे नक्की. बदललेली दिसली नाही, तर तेल शुद्ध आहे असं मात्र म्हणता येत नाही. शुद्धतेचा दाखला द्यायला अपवर्तनांक आणि साबणीकरण मूल्य यांसारख्या दुसऱ्या चाचण्या लागतात.

सिंधुदुर्गात या नळीचं दुसरं मोठं काम काजूच्या टरफलाच्या तेलाचं. काजूगर काढल्यावर उरलेल्या टरफलातलं हे तपकिरी-काळं तेल रंग, ब्रेकचं अस्तर आणि रेझिनच्या उद्योगात जातं. बिब्बा आणि काजू एकाच कुळातले. त्यामुळे हे तेल अंगाला लागलं तर फोड येतात, हातमोज्यांशिवाय त्याला हात लावू नये. ते जास्त तापवलं की त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि ते घट्ट होत जातं. म्हणून त्याची श्यानता म्हणजे ते किती भाजलं गेलं याचीच नोंद. भारतीय मानक आयएस ८४० मध्ये या तेलासाठी ३० अंशांना कमाल ५५० सेंटिपॉइजची मर्यादा आहे. घनता ०.९६ च्या आसपास धरली तर ही मर्यादा सुमारे ५७० सेंटिस्टोक होते, खोबरेलाच्या वीसपट. आपल्या उदाहरणातल्या नळीत इतकं घट्ट तेल उतरायला पावणेदोन तास लागतील. पण चौथ्या घाताचा नियम इथे उपयोगी पडतो. नळीचा व्यास एक मिलिमीटरऐवजी दोनच्या थोडा वर घेतला, की वेळ पुन्हा पाच मिनिटांवर येते.

खरी अडचण काळेपणाची. नेहमीच्या नळीत वरचा फुगा रिकामा होताना भिंतीवर काळा थर राहतो, आणि द्रवाचा काठ खुणेवर केव्हा आला हे दिसतच नाही. अशा तेलांसाठी उलट्या प्रवाहाच्या नळ्या असतात. त्यांत रिकामा होणारा फुगा न पाहता भरणारा फुगा पाहायचा. कोरड्या, स्वच्छ काचेवर काळी कड चढताना स्पष्ट दिसते. याची किंमत अशी, की एकदा भिजलेला फुगा पुन्हा वापरता येत नाही, प्रत्येक वाचनानंतर नळी धुऊन वाळवावी लागते. मालवण बंदरातल्या यांत्रिक नौकांचं वापरलेलं इंजिनऑइल मोजायलाही हीच नळी लागते. त्या तेलाची श्यानता नव्या तेलापेक्षा ठळकपणे उतरलेली दिसली, तर डिझेल गळून त्यात मिसळत असल्याचा संशय घ्यावा.

या क्षेत्राचा आणखी एक मोठा भाग पुस्तकात मी जाणीवपूर्वक छोटा ठेवला आहे, तो बहुवारिकांचा. हर्मान स्टॉडिंगर यांनी १९३० च्या सुमारास केशनळीच्या सेकंदांवरून रेणूंच्या लांबीचा अंदाज बांधायला सुरुवात केली. लांब साखळीचे प्रचंड रेणू असतात हे त्यांचं म्हणणं मान्य व्हायला या मोजमापांचा हातभार लागला. त्यांना १९५३ साली नोबेल पारितोषिक मिळालं. आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत बहुवारिकांच्या प्रवाहावर मोठं काम झालं. गोव्यातल्या माशेल गावी जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर त्याच क्षेत्रातले. पॉलिव्हिनिल अल्कोहोलच्या पातळ द्रावणावरून त्याचा सरासरी रेणुभार काढण्याचा प्रयोग पदवीच्या वर्गात करतात. तो पुस्तकात आहे, पण त्यावर इंग्रजीत उत्तम ग्रंथ आहेत. खोबरेल आणि काजूतेल यांच्यावर या दृष्टीने मराठीत लिहिलेलं मात्र मला सापडलं नाही, म्हणून झुकतं माप तिकडे आहे.

नळीची जागा घेणारी स्वयंचलित यंत्रं आता उपलब्ध आहेत. चमचाभर नमुन्यात ती काही मिनिटांत आकडा देतात. मोठ्या कारखान्याला ती परवडतात आणि त्यांनी ती घ्यावीतही. पण त्या यंत्रांनाही पारखावं लागतं ते प्रमाणित तेलांनीच, आणि त्या तेलांचा आकडा येतो काचेच्या नळीतून. वेंगुर्ल्यातल्या एखाद्या लहान काजू प्रक्रिया केंद्राला किंवा कुडाळच्या एखाद्या घाण्याला काही हजार रुपयांच्या नळ्या आणि एक नीट बाथ एवढ्यावर विश्वासार्ह मोजमाप करता येईल. अट एकच, स्थिरांक सांभाळायची शिस्त हवी. ही शिस्त शिकवणं हाच या पुस्तकाचा हेतू आहे. सिद्धांत आवश्यक तेवढाच दिला आहे. प्रत्येक प्रकरणात एक द्रव घेऊन तो नळीत भरण्यापासून शंकास्पद आकडा टाकून देण्यापर्यंतचा सगळा प्रवास सलग दाखवला आहे, फसलेल्या वाचनांसह, कारण फसलेली वाचनं ओळखायला शिकल्याशिवाय बरोबर वाचन ओळखता येत नाही.

वाचकांना एक विनंती. पहिलं प्रकरण वाचायला घेण्याआधी आपल्या कपाटातल्या नळ्या बाहेर काढा. प्रत्येक नळीवर क्रमांक आहे का ते पाहा. नसेल तर काचेवर लिहिणाऱ्या हिरकणीच्या पेनने केशनळीपासून दूर, वरच्या टोकाला तो कोरा. एका वहीत प्रत्येक नळीसाठी एक पान ठेवा आणि त्यावर स्थिरांक, तो कोणत्या द्रवाने, कोणत्या तापमानाला आणि कोणत्या तारखेला काढला हे लिहा. स्थिरांक माहीत नसलेल्या नळीने मोजलेला कुठलाही आकडा, मग तो कितीही सुबक दिसो, आजपासून वहीत लिहू नका.